फोटोतल्या त्रिकोणी वावराचे क्षेत्रफळ: फक्त तीन बाजूंवरून कसे काढायचे?

शेताच्या कोपऱ्याचा कच्चा नकाशा. वहीच्या पानावर पेनाने काढलेला एक वेडावाकडा त्रिकोण, तीन बाजूंवर तीन आकडे, आणि त्याचा मोबाइलवर काढलेला थोडा तिरपा फोटो. खाली एकच प्रश्न: "हे किती गुंठे होते?" यवतमाळ जिल्ह्यात असे फोटो नेहमी फिरतात. कालव्यामुळे, नाल्यामुळे किंवा रस्त्यामुळे वावराचा एखादा कोपरा तुटतो आणि त्रिकोणी तुकडा उरतो. तो तुकडा मक्त्याने द्यायचा असतो, ट्रॅक्टरवाल्याला एकराच्या हिशोबाने पैसे द्यायचे असतात, नाहीतर भावाभावांत वाटणीचा अंदाज घ्यायचा असतो. आकृतीत काटकोन दाखवलेला नसतो आणि उंचीही दिलेली नसते. हातात असतात फक्त तीन लांब्या.

तेवढ्या पुरतात. त्रिकोणाच्या तीन बाजू माहीत असल्या की अर्धपरिमितीच्या सूत्राने क्षेत्रफळ नेमके काढता येते. शाळेत ते "हिरोचे सूत्र" म्हणून शिकवले जाते. पण फोटोवरून हिशोब करताना आकड्यांत घोळ होतो. तो कुठे होतो आणि कसा ओळखायचा, हे एका उदाहरणावरून पाहता येईल.

फोटो तिरपा असला तरी चालतो का?

चालतो. ही गोष्ट आधी लक्षात घेतली की बाकीचे सोपे जाते.

वावराच्या लाकडी फाटकाचा विचार करा. चार पट्ट्या चार कोपऱ्यांत खिळ्यांनी जोडून चौकट केली तर ती काही दिवसांत डुगडुगायला लागते आणि एका बाजूला कलते. पट्ट्यांची लांबी बदललेली नसते, तरी आकार बदलतो. म्हणून सुतार एक तिरपी पट्टी ठोकतो. त्या पट्टीमुळे चौकटीचे दोन त्रिकोण होतात आणि फाटक घट्ट बसते. तीन पट्ट्या टोकांना जोडल्या की त्या हलत नाहीत, कारण दिलेल्या तीन लांब्यांचा त्रिकोण एकाच आकाराचा होऊ शकतो.

म्हणूनच त्रिकोणाच्या बाबतीत फोटो कोणत्या कोनातून काढला याला महत्त्व नाही. कागदावरची आकृती प्रमाणात नसली, लांब बाजू आखूड दिसत असली तरी बिघडत नाही. बाजूंवर लिहिलेले आकडे बरोबर असले की खरा त्रिकोण ठरला आणि त्याचे क्षेत्रफळही ठरले.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मोबाइलच्या पडद्यावर पट्टी ठेवून उंची मोजायची आणि तिला प्रमाणाने गुणायचे, हा प्रकार टाळावा. कागद जमिनीवर ठेवून उभ्याने फोटो काढला की जवळची कड मोठी दिसते आणि दूरची लहान. कच्ची आकृती तर मुळातच अंदाजाने काढलेली असते. फोटोतून घ्यायचे ते फक्त आकडे.

सूत्र काय आहे?

तीन बाजूंना अ, ब आणि क म्हणू. तिन्हींची बेरीज म्हणजे परिमिती, आणि तिचा निम्मा म्हणजे अर्धपरिमिती. तिला स म्हणू.

स = (अ + ब + क) ÷ २

क्षेत्रफळ = √[ स × (स − अ) × (स − ब) × (स − क) ]

शब्दांत सांगायचे तर आधी अर्धपरिमिती काढायची. तिच्यातून एकेक बाजू वजा करून तीन संख्या मिळवायच्या. या तीन संख्या आणि अर्धपरिमिती अशा चार संख्यांचा गुणाकार करायचा आणि शेवटी त्याचे वर्गमूळ घ्यायचे. बाजू फुटांत असतील तर उत्तर चौरस फुटांत येते, मीटरमध्ये असतील तर चौरस मीटरमध्ये.

एक वावर पूर्ण सोडवून पाहू

समजा, फोटोतल्या आकृतीवर तीन आकडे आहेत: ३१२ फूट, २५० फूट आणि १३८ फूट. ३१२ फुटांची बाजू कालव्याला लागून आहे आणि बाकीच्या दोन बाजू धुऱ्याच्या आहेत.

तिन्हींची बेरीज ७०० फूट होते, म्हणून अर्धपरिमिती ३५० फूट.

आता वजाबाक्या:

३५० − ३१२ = ३८
३५० − २५० = १००
३५० − १३८ = २१२

इथेच एक छोटी तपासणी करून घ्यावी. या तीन उत्तरांची बेरीज पुन्हा अर्धपरिमितीएवढीच यायला हवी. ३८ + १०० + २१२ = ३५०, म्हणजे वजाबाक्या बरोबर आहेत. ही बेरीज जुळली नाही तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

चारही संख्यांचा गुणाकार: ३५० × ३८ × १०० × २१२ = २८,१९,६०,०००. त्याचे वर्गमूळ सुमारे १६,७९२ येते. म्हणजे तुकड्याचे क्षेत्रफळ १६,७९२ चौरस फूट.

याचे गुंठे करायला १,०८९ ने भागायचे. १६,७९२ ÷ १,०८९ = १५.४२. हा तुकडा साडेपंधरा गुंठ्यांना किंचित कमी आहे.

१,०८९ हा आकडा जुन्या मोजणीच्या साखळीतून आला आहे. मुंबई इलाख्याच्या मोजणीत ३३ फूट लांबीची साखळी वापरत आणि तिचे १६ आणे धरत. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद चौरस म्हणजे एक गुंठा, आणि ३३ × ३३ = १,०८९. असे ४० गुंठे झाले की एक एकर, म्हणजे ४३,५६० चौरस फूट.

सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असते. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि १०० आर म्हणजे एक हेक्टर. आपल्या तुकड्याचे १६,७९२ चौरस फूट म्हणजे सुमारे १,५६० चौरस मीटर, अर्थात १५.६ आर. गुंठा आणि आर जवळपास सारखे आहेत. एक गुंठा १०१ चौरस मीटरपेक्षा थोडा मोठा भरतो. त्यामुळे बोलताना दोन्ही एकच समजले जातात. लहान तुकड्यात हा फरक जाणवत नाही, पण कागदावर लिहिताना कोणते एकक आहे ते स्पष्ट लिहावे.

दोन बाजूंचा गुणाकार करून निम्मे का नाही?

फोटोखाली येणाऱ्या उत्तरांत हे उत्तर हमखास असते: "दोन बाजू गुणा आणि दोनने भागा." ही पद्धत फक्त काटकोन त्रिकोणाला लागू पडते, आणि तिथेही काटकोन करणाऱ्याच दोन बाजू घ्याव्या लागतात. आपल्या वावरावर ती लावली तर काय होते ते पाहा.

२५० आणि १३८ घेतले तर १७,२५० चौरस फूट, म्हणजे १५.८ गुंठे. ३१२ आणि १३८ घेतले तर २१,५२८ चौरस फूट, म्हणजे १९.८ गुंठे. ३१२ आणि २५० घेतले तर थेट ३९,००० चौरस फूट, म्हणजे ३५.८ गुंठे.

वावर एकच, पण उत्तरे तीन, आणि तिन्ही खऱ्यापेक्षा जास्त. हा योगायोग नाही. दोन बाजू ठरलेल्या असताना त्यांच्यामध्ये काटकोन असला की त्रिकोणाचे क्षेत्रफळ सर्वांत मोठे होते. कोन त्याहून लहान किंवा मोठा झाला की क्षेत्रफळ घटते. म्हणून ही पद्धत चुकते तेव्हा जास्तच दाखवते. मक्ता देणाऱ्याला ते सोयीचे पडते, घेणाऱ्याला नाही.

हीच गोष्ट तपासणीसाठी वापरता येते. दोन लहान बाजूंचा गुणाकार करून निम्मे केले की जे येते, त्यापेक्षा त्रिकोणाचे क्षेत्रफळ कधीही जास्त असू शकत नाही. आपल्या उदाहरणात ही मर्यादा १७,२५० आहे आणि उत्तर १६,७९२ आले, म्हणजे ते मर्यादेत आहे. समजा घाईत कोणी परिमितीचा निम्मा करायला विसरला आणि ३५० ऐवजी ७०० घेऊन गणित केले, तर उत्तर २ लाख ६२ हजार चौरस फुटांच्या वर जाते. ते सहा एकर होतात. मर्यादा माहीत असली की अशी चूक लगेच पकडता येते.

सूत्र खरे आहे हे वावरात कसे पडताळायचे?

त्रिकोणाचे क्षेत्रफळ पाया गुणिले उंची भागिले दोन, हे सर्वांना माहीत असते. हिरोचे सूत्र काही वेगळे सांगत नाही. उंची न मोजता ती बाजूंवरूनच काढून घेण्याची ती सोय आहे. हे आपल्याच उदाहरणावर करून पाहता येते.

३१२ फुटांची बाजू पाया धरा. समोरच्या कोपऱ्यातून तिच्यावर सरळ काटकोनात दोरी धरली तर वावराचे दोन काटकोन त्रिकोण होतात. दोरी जिथे पायाला टेकते ती जागा १३८ फुटांच्या बाजूकडच्या कोपऱ्यापासून किती दूर आहे, हे माहीत नाही. त्या अंतराला ख म्हणू. मग पायाचा उरलेला भाग ३१२ − ख.

उंची दोन्ही त्रिकोणांत एकच आहे, म्हणून पायथागोरसच्या सिद्धांताने:

१३८² − ख² = २५०² − (३१२ − ख)²

कंस सोडवला की दोन्ही बाजूंचा ख² निघून जातो आणि ६२४ × ख = ५३,८८८ एवढेच उरते. त्यावरून ख सुमारे ८६.४ फूट. मग उंची सुमारे १०७.६ फूट येते, आणि ३१२ × १०७.६ ÷ २ हे गणित आपल्याला पुन्हा सुमारे १६,७९० चौरस फुटांवर आणून सोडते. दशांशामुळे पडणारा किरकोळ फरक सोडला तर उत्तर तेच आहे.

याचा वावरात सरळ उपयोग होतो. कालव्याच्या बाजूने, १३८ फुटांच्या धुऱ्याकडच्या कोपऱ्यापासून ८६ फुटांच्या किंचित पुढे एक खुंटी ठोकायची. तिथून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप धरायची. ती सुमारे १०७ फूट ८ इंच भरली, तर तिन्ही बाजू बरोबर मोजल्या गेल्या आहेत. चार-पाच फुटांचा फरक निघाला, तर एखादी बाजू चुकली आहे. बाजू मोजताना झालेली चूक नुसत्या सूत्रात दिसत नाही. हे चौथे माप घेतले तर दिसते.

फोटोतला एक आकडा चुकीचा वाचला तर?

फोटोवरून हिशोब करताना सर्वांत मोठा धोका हाच आहे. पान चुरगळलेले असते, पेनाची शाई फुटलेली असते, एखादा अंक बोटाच्या सावलीत गेलेला असतो. देवनागरीत घाईने लिहिलेला १ आणि ९ सारखेच दिसतात. इंग्रजी अंकांत १ आणि ७ ची अदलाबदल होते. आपल्याच उदाहरणात ३१२ च्या मधल्या अंकाचे दोन प्रकारे वाचन करून पाहू.

पहिल्यांदा समजा, ३१२ ऐवजी ३९२ वाचले गेले. आता २५० आणि १३८ यांची बेरीज ३८८ होते, ती ३९२ पेक्षा कमी आहे. दोन बाजू मिळूनही तिसरीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचत नाहीत, म्हणजे असा त्रिकोण होऊच शकत नाही. सूत्रातही ते दिसते. अर्धपरिमिती ३९० येते, त्यातून ३९२ वजा केले की उणे २, गुणाकार उणे होतो आणि कॅल्क्युलेटर वर्गमूळ द्यायला नकार देतो. ही चूक आपोआप पकडली जाते.

दुसऱ्यांदा समजा, ३१२ ऐवजी ३७२ वाचले गेले. इथे ३८८ ही बेरीज ३७२ पेक्षा मोठी आहे, त्यामुळे त्रिकोण होतो आणि सूत्र मुकाट्याने उत्तर देते: सुमारे ९,७७९ चौरस फूट, म्हणजे जवळपास ९ गुंठे. खरे उत्तर १५.४ गुंठे होते. कुठेही इशारा मिळत नाही.

इथे अनेकांचा अंदाज चुकतो. बाजू ६० फुटांनी वाढली तर क्षेत्रफळही वाढायला हवे असे वाटते, पण ते घटले. कारण बाकीच्या दोन बाजू तेवढ्याच आहेत. पाया ताणत नेला की त्या दोन बाजू त्याच्यावर झोपत जातात, उंची कमी होते आणि त्रिकोण चपटा होतो. ३८८ फुटांवर तर तो नुसती रेघ होईल आणि क्षेत्रफळ शून्यावर येईल.

म्हणून फोटोत एखादा अंक शंकास्पद असेल तर दोन्ही वाचनांनी हिशोब करून पाहावा. उत्तरांत मोठा फरक आला तर फोटो पाठवणाऱ्याला तो अंक अक्षरांत लिहून पाठवायला सांगावे. "तीनशे बारा" असे लिहिले की वाद राहत नाही.

एककांचा घोळ

दुसरी नेहमीची गफलत एककांची. दोन बाजू फुटी टेपने मोजल्या आणि तिसरी मीटरच्या टेपने, असे गावात सहज होते. १३८ फूट म्हणजे सुमारे ४२ मीटर. आकृतीवर ३१२, २५० आणि ४२ असे आकडे दिसले तर पहिल्याच तपासणीत ते अडकतात, कारण २५० + ४२ = २९२ ही बेरीज ३१२ पर्यंत जात नाही. त्रिकोण होत नसेल तर पहिला संशय एककांवर घ्यावा.

फूट आणि इंचांचे तसेच. १३८ फूट ६ इंच म्हणजे १३८.६ नव्हे. एका फुटात १२ इंच असतात, म्हणून ते १३८.५ फूट होतात. ३ इंच म्हणजे ०.२५ फूट आणि ९ इंच म्हणजे ०.७५ फूट.

आणखी एक गोष्ट फोटोत नीट पाहावी. आतल्या तुटक रेषेवर लिहिलेला आकडा बाजूचा नसून उंचीचा असू शकतो. तसा असेल तर पाया गुणिले उंची भागिले दोन एवढेच पुरे, हिरोच्या सूत्राची गरज नाही. उंचीला बाजू समजून तिन्ही आकडे सूत्रात घातले तर उत्तर येईल, पण ते त्या वावराचे नसेल.

चिंचोळ्या तुकड्यात सूत्र जपून वापरा

रस्ता किंवा कालवा धुऱ्याला अगदी तिरका कापून गेला की पट्टीसारखा लांब आणि अरुंद त्रिकोण उरतो. समजा त्याच्या बाजू ३००, २०० आणि १०४ फूट आहेत. अर्धपरिमिती ३०२, वजाबाक्या २, १०२ आणि १९८. क्षेत्रफळ सुमारे ३,४९३ चौरस फूट येते, म्हणजे ३.२ गुंठे.

आता १०४ फुटांची बाजू मोजताना टेप ताणण्यात दोन फुटांची चूक झाली आणि ती १०२ लिहिली गेली. अर्धपरिमिती ३०१ होते, पहिली वजाबाकी २ वरून १ वर येते, आणि उत्तर सुमारे २,४६० चौरस फुटांवर उतरते, म्हणजे २.३ गुंठे. दोन फुटांच्या चुकीने जवळजवळ ३० टक्के क्षेत्र गेले.

कारण त्या पहिल्या वजाबाकीत आहे. ती इतकी लहान आहे की दोन फुटांच्या चुकीने ती निम्मी होते, आणि ती गुणाकारात असल्यामुळे सगळे उत्तर घसरते. पहिल्या वावरात सर्वांत लहान वजाबाकी ३८ होती. तिथे ३१२ च्या जागी ३१३ घेतले तर उत्तर फक्त ३८ चौरस फुटांनी बदलते.

म्हणून एक साधी खूण लक्षात ठेवावी. तीन वजाबाक्यांपैकी एखादी अगदी लहान आली तर त्रिकोण चिंचोळा आहे आणि तीन बाजूंच्या मापांवर विसंबून चालणार नाही. अशा तुकड्यात लांब बाजूवर उंचीच मोजावी. वरच्या पट्टीची उंची सुमारे २३ फूट आहे. ती मोजताना एक फूट चुकले तरी क्षेत्रफळात १५० चौरस फुटांचाच फरक पडतो.

चार बाजूंचे वावर असेल तर?

फोटोत चौकोनी वावर असेल आणि फक्त चार बाजू दिल्या असतील, तर क्षेत्रफळ काढता येत नाही. कारण फाटकाच्या चौकटीत पाहिले तेच आहे: चार बाजू आकार पक्का करत नाहीत. चारही बाजू १०० फुटांच्या असतील तर काटकोनी वावर १०,००० चौरस फूट भरेल. तेच कलंडून समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतले अंतर १०० फूट झाले तर दोन समभुज त्रिकोण होतात आणि क्षेत्रफळ सुमारे ८,६६० चौरस फुटांवर येते. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणण्याची पद्धत दोन्ही वेळा १०,०००च सांगेल.

उपाय म्हणजे पाचवे माप. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतले तिरपे अंतर, म्हणजे कर्ण, मोजायचा. मग चौकोनाचे दोन त्रिकोण होतात. प्रत्येकाला हिरोचे सूत्र लावायचे आणि उत्तरांची बेरीज करायची. पाच कोपऱ्यांच्या वावराला दोन कर्ण लागतात आणि त्रिकोण तीन होतात.

ही अट फार जुनी आहे. अलेक्झांड्रियाच्या हिरोने पहिल्या शतकात 'मेट्रिका' या ग्रंथात हे सूत्र सिद्ध करून ७, ८ आणि ९ बाजूंचा त्रिकोण सोडवला. भारतात ब्रह्मगुप्ताने ६२८ साली त्रिकोण आणि चौकोन दोन्हींसाठी अर्धपरिमितीचे सूत्र दिले. भास्कराचार्यांनी ११५० च्या 'लीलावती'त मात्र स्पष्ट भेद केला: या रीतीने त्रिकोणाचे फळ अचूक येते, चौकोनाचे येत नाही. कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचे ठरावीक क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी पिशाच म्हटले आहे, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठे. त्यांच्या त्रिकोणाच्या उदाहरणात बाजू १३, १४ आणि १५ आहेत. अर्धपरिमिती २१, वजाबाक्या ८, ७ आणि ६, क्षेत्रफळ बरोबर ८४. सूत्र पाठ झाले का ते पाहायला हा त्रिकोण आजही सोयीचा आहे.

मोबाइलवर हिशोब करायचा असेल तर

एकापेक्षा जास्त तुकडे असतील तर स्प्रेडशीट बरी पडते. A1, B1 आणि C1 या तीन खणांत बाजू लिहायच्या. D1 मध्ये अर्धपरिमिती, E1 मध्ये चौरस फूट आणि F1 मध्ये गुंठे येतील:

```
D1:  =(A1+B1+C1)/2
E1:  =SQRT(D1*(D1-A1)*(D1-B1)*(D1-C1))
F1:  =E1/1089
```

आधी १३, १४ आणि १५ घालून E1 मध्ये ८४ येते का पाहावे. मगच आपले आकडे घालावेत. E1 मध्ये `#NUM!` असे आले तर सूत्र बिघडलेले नाही. दिलेल्या बाजूंचा त्रिकोण होत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हे उत्तर कुठपर्यंत चालते?

सूत्र सरळ बाजूंसाठी आहे. नाल्याकाठची बाजू वळणदार असेल तर तिचे वळण धरून घेतलेली लांबी सूत्रात घालू नये. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सरळ दोरी धरून मोजावे, त्रिकोणाचे क्षेत्र काढावे, आणि दोरीच्या बाहेर किंवा आत राहिलेला भाग वेगळा मोजून मिळवावा किंवा वजा करावा.

उताराच्या जमिनीत टेप उताराला टेकवून धरली तर लांबी थोडी जास्त येते, कारण जमिनीचे क्षेत्र सपाटीवर धरतात. दहा फुटांत एक फूट उतार असेल तर उताराच्या दिशेने ही वाढ अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते. पुसदकडच्या डोंगराळ भागात चढ याहून जास्त असेल तिथे टेप आडवी, समपातळीत धरून तुकड्या-तुकड्याने मोजावे.

शेवटी, घरी काढलेले हे क्षेत्रफळ मक्ता, नांगरणीची मजुरी, बियाणे किंवा फवारणीचा हिशोब यांसाठी पुरते. हद्दीचा वाद, खरेदी किंवा भूसंपादनाचा मोबदला असेल तर तिथे सातबाऱ्यावरचे क्षेत्र आणि तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणीच धरली जाते. तिथे जाण्याआधी आपला आकडा काढलेला असला तर दोन्हींत किती फरक आहे हे कळते. फरक पाव-अर्ध्या गुंठ्याचा असेल तर तो टेपचा असू शकतो. चार-सहा गुंठ्यांचा असेल तर आधी आपल्या आकृतीतले तिन्ही आकडे पुन्हा वाचावेत. ते बरोबर निघाले, तर मोजणीचा अर्ज करायला पुरेसे कारण आहे.